अठ्ठावन्न जणांचा माग

सरांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका बगच्या मागे लागले होते. पॉलिटेक्निक सोडून आठ वर्षं झाली होती, तरी सरांचा आवाज ऐकल्यावर मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

"तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना? मग मला एक फॉर्म बनवून दे. तुमची बॅच सध्या काय करते ते कळायला हवं."

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. रोह्याहून सकाळच्या गाडीने पेणला जायचं आणि संध्याकाळी परतायचं, अशी तीन वर्षं. २०१६ला पास झाले, डिप्लोमाच्या मार्कांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आणि डिग्रीनंतर बऱ्याच मेकॅनिकलवाल्यांसारखी कोड लिहायला लागले. त्यामुळे फॉर्म बनवणं म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं मला वाटलं. हा गैरसमज दूर व्हायला तीन महिने लागले.

सरांना जे हवं होतं त्याला ट्रेसर स्टडी म्हणतात. शिकून बाहेर पडलेल्यांचा काही वर्षांनी माग काढायचा आणि कोण नोकरीला लागलं, कोण पुढे शिकलं, शिकलेलं किती उपयोगी पडलं हे विचारायचं. जर्मनीतल्या कासेल विद्यापीठातल्या हॅराल्ड शोम्बुर्ग यांनी यावर एक अख्खं हँडबुक लिहिलंय. आपल्याकडे संस्थांना याची आठवण बहुतेकदा मान्यतेच्या वेळी होते. एनबीएची मान्यता घ्यायची तर आमचे विद्यार्थी काही वर्षांनी अमुक ठिकाणी पोचलेले असतील, असं लिहून द्यावं लागतं. मग ते खरंच पोचले का, याचा पुरावाही लागतो. सरांना तो पुरावा हवा होता.

मी एका रविवारी बसून चौदा प्रश्नांचा गूगल फॉर्म केला. नाव, मोबाईल, सध्या काय करता, कंपनीचं किंवा संस्थेचं नाव, पद, पगार, डिप्लोमाचा उपयोग होतो का, वगैरे. अर्धवट भरलेले फॉर्म नकोत म्हणून महत्त्वाच्या प्रश्नांपुढे लाल चांदणी टाकली. चांदणी असलेला प्रश्न भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. लिंक बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली आणि आठवडाभर रोज एकदा आठवण करून दिली.

आमच्या बॅचमधून पास झालेले अठ्ठावन्न. उत्तरं आली तेवीस. अठरा जण नोकरीत, तिघांचा स्वतःचा धंदा, दोघं शिकत होते. प्लेसमेंट मोजायचं एक सरळ सूत्र आहे, सरांनी ते लगेच लावलं:

(x + y + z) / N

x म्हणजे नोकरीवाले, y म्हणजे पुढे शिकणारे, z म्हणजे धंदा करणारे आणि N म्हणजे एकूण. अठरा अधिक दोन अधिक तीन म्हणजे तेवीस, भागिले तेवीस. शंभर टक्के.

"बघ, तुमची बॅच म्हणजे सोनं होती," सर म्हणाले.

मलाही क्षणभर भारी वाटलं. पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. शंभरच्या शंभर टेस्ट पहिल्याच फटक्यात पास झाल्या, तर आनंद होण्याआधी संशय येतो, की टेस्ट खरंच चालल्या का? आठ वर्षांत अठ्ठावन्न जणांपैकी एकही घरी बसलेला नाही? आमच्या बॅचमध्ये? मी त्यातल्या निदान दोघांना ओळखत होते.

पहिली चूक लगेच सापडली. खाली तेवीस नको, अठ्ठावन्न हवेत. जे बोलले त्यांनाच 'एकूण' धरलं, की न बोललेले जगातूनच गायब होतात. त्यांच्याबद्दल काहीच माहीत नसेल, तर प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येतं: पस्तीसच्या पस्तीस रिकामे असतील तर आकडा तेवीस भागिले अठ्ठावन्न, म्हणजे चाळीस टक्के, आणि सगळे कामाला असतील तर शंभर. खरा आकडा चाळीस ते शंभरच्या मध्ये कुठेतरी. हे सांगायला फॉर्मची गरज नव्हती.

दुसरी चूक मात्र मला फॉर्मकडे कितीही वेळ बघून सापडली नसती. त्यासाठी हमरापूरला जावं लागलं.

आधी माणसं शोधायची होती. सरांकडे २०१६ची यादी होती, तिच्यातले निम्मे मोबाईल नंबर बंद. ग्रुपवर फक्त एक्केचाळीस जण. आणि बॅचमधल्या आम्ही सहा मुली, त्यांपैकी फॉर्म भरणारी मी एकटी. एका मुलीचं नाव तर मला ग्रुपवर सापडेचना. ती होती, पण नवं आडनाव, नवं नाव आणि फोटोत एक लहान बाळ. यादीला नावानं जोडत गेलं तर ती 'सापडली नाही'मध्ये जाणार होती. म्हणून मी नाव आणि मोबाईल बाजूला ठेवले आणि प्रत्येक ओळ एमएसबीटीईच्या एनरोलमेंट नंबरला बांधली. लग्न झालं, सिमकार्ड बदललं, गाव सुटलं तरी मार्कशीटवरचा तो नंबर बदलत नाही. मग दर शनिवारी एक फोन, त्यातून दुसऱ्याचा नंबर, त्यातून तिसऱ्याचा.

असाच मला माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा नंबर मिळाला. तीन वर्षं आम्ही रोह्याहून एका डब्यात बसून गेलो. मी डिग्रीला गेले, ती गेली नाही आणि मग हळूहळू बोलणंच बंद झालं. भांडण वगैरे काही नाही. मी फोन करायचा राहून जायचे आणि जितके दिवस जास्त, तितकं फोन करणं अवघड होत जायचं. आठ वर्षांनी मी तिला फोन केला तो सर्व्हेसाठी. याची लाज वाटतच मी बोलत होते.

"अगं, फॉर्म आला होता ना तुझा," ती म्हणाली. "उघडला मी. कंपनीचं नाव विचारत होता. माझी कुठे कंपनी? पुढेच जाईना. मग ठेवला फोन."

लाल चांदणी. मीच टाकलेली.

कंपनी नसलेला प्रत्येक जण त्याच प्रश्नापाशी अडकत होता. आणि गूगल फॉर्म अर्धवट सोडलेल्यांचा पत्ता बनवणाऱ्याला लागू देत नाही. 'सबमिट' दाबलं तर नोंद, नाहीतर तो माणूस आलाच नव्हता. म्हणजे ज्यांच्याकडे लिहायला नाव होतं तेच आत येणार होते आणि वर आम्ही त्यांना विचारणार होतो, की तुम्ही कामाला आहात का? शंभर टक्के येणार नाही तर काय!

ती आता हमरापूरला राहते. पेणच्या अलीकडचं हे स्टेशन, गणपतीच्या मूर्तींमुळे माहीत असलेलं. हमरापूर-जोहे भागात घराघरात कारखाने आहेत आणि तिच्या सासरचाही त्यातलाच. मी गेले तेव्हा पडवीपासून मागच्या शेडपर्यंत पांढऱ्याफटक, न रंगवलेल्या मूर्ती होत्या. कच्चा माल म्हणून अशाच टेम्पो भरून बाहेरगावी जातात, रंग तिकडे लागतो. सासूबाईंनी चहा दिला आणि आम्ही दोघी एका पाटावर वही ठेवून बसलो. मी त्या वहीत बत्तीस चौकटी आखल्या.

ही चौकटींची युक्ती मी नंतर सगळ्यांसाठी वापरली. 'तुम्हाला पहिली नोकरी लागायला किती महिने लागले?' असं आठ वर्षांनी विचारलं तर माणूस गोल आकडा सांगतो. सहा महिने, एक वर्ष. खोटं बोलायचं म्हणून नाही, तारखा खरंच विसरलेल्या असतात. म्हणून जुलै २०१६ ते जून २०२४ अशी तीन-तीन महिन्यांची एक चौकट केली आणि ज्या तिमाहीत जास्त दिवस जे केलं ते त्या चौकटीत लिहायचं, असा नियम. आठवणीला खुंट्या लागतात, त्याही दिल्या. नोटबंदी, नोव्हेंबर २०१६. लॉकडाऊन, मार्च २०२०. निसर्ग चक्रीवादळ, ३ जून २०२०. ते तर रायगडमधला कुणी विसरूच शकत नाही. आणि मग दरवर्षीचे गणपती. रोहेकरांसाठी धावीर महाराजांची पालखी. 'ती नोकरी सुटली तेव्हा पालखी झाली होती का?' असं विचारलं, की महिना बरोबर येतो.

तिच्या चौकटी अशा भरल्या. पहिली रिकामी, शोधण्यात गेली. मग नोटबंदीच्या थोडं आधी रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून लागली. चार चौकटी. तेव्हाच्या नियमाने डिप्लोमावाल्या अप्रेंटिसला महिना किमान ३,५४२ रुपये. (२०१९मध्ये ते आठ हजार झाले, तिची अप्रेंटिसशिप तोवर कधीच संपली होती.) पुढे एका कारखान्यात मेंटेनन्सला. दहा चौकटी.

"ही कंपनीची नोकरी ना?" मी विचारलं.

"कंपनीत नोकरी. कंपनीची नाही," ती म्हणाली. "पगार कंत्राटदाराचा. अकरा महिने झाले, की चार दिवस घरी, मग नवीन कागद."

त्या 'त' आणि 'ची'मधला फरक माझ्या फॉर्मला कळत नव्हता. 'कंपनीचं नाव' असं विचारलं, की माणूस ज्या गेटातून आत जातो त्या गेटावरचं नाव लिहितो. पगाराच्या स्लिपवर कुणाचं नाव आहे, हा वेगळा प्रश्न होता आणि तो मी विचारलाच नव्हता.

लॉकडाऊन लागला आणि नवीन कागद आला नाही. चार चौकटी घरी. त्याच काळात लग्न ठरलं, झालं. आणि एप्रिल २०२१पासून पुढच्या तेरा चौकटींत काय लिहायचं यावर आम्ही दोघी अडलो.

"लिही गृहिणी," ती म्हणाली.

"पण तू दिवसभर करतेस काय?"

मग ती सांगायला लागली. रबरी साचे कुठला कधी बनवला, किती मूर्ती निघाल्या, कुठला फाटायला आलाय, याची नोंद तिच्याकडे. ऑर्डर घेणं, टेम्पोत कुठल्या उंचीच्या मूर्ती किती बसतील याचा हिशोब तिचा. शेडमधले लोखंडी रॅकसुद्धा तिचेच. आधी मूर्ती जमिनीवर सुकायच्या, एका वेळी मावायच्या थोड्या आणि चालताना धक्का लागून तुटायच्या. तिने अँगलच्या रॅकचं ड्रॉइंग काढलं, वरून, समोरून आणि बाजूने, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. वेल्डरने तसंच्या तसं करून दिलं. ते ड्रॉइंग तिने मला दाखवलं. कोपऱ्यात टायटल ब्लॉकसुद्धा होता, पहिल्या वर्षी सर आम्हाला ज्यावरून ओरडायचे तो.

"पगार?" मी विचारलं.

"घरचंच आहे गं."

आता हिला कुठे टाकायचं? ती स्वतःला गृहिणी म्हणते. आणि केंद्र सरकारचा पीएलएफएस म्हणजे रोजगाराचा नियमित सर्व्हे तिला कामात धरतो. त्यात गेल्या सात दिवसांत कुठल्याही दिवशी एक तास जरी काम केलं तरी माणूस त्या आठवड्यापुरता कामात असतो आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाराही कामकरीच असतो. म्हणजे माझा पहिला फॉर्म ज्यांना हाकलत होता ते सगळे बेकार नव्हते. त्यातल्या काहींच्या कामाला फक्त नाव नव्हतं. ही गंमत मला आधी कळली नव्हती. मी समजत होते, की खरा आकडा काढायचा म्हणजे फक्त खाली ओढायचा.

पण तिला नुसतं 'कामात' लिहून मोकळं होणंही बरोबर वाटेना. एक तास काम आणि महिन्याचा पगार हे एकाच रकान्यात बसवले, की आकडा चांगला दिसतो आणि आत काय आहे ते दिसत नाही. शेवटी तिच्या तेरा चौकटींत आम्ही लिहिलं: घरचा धंदा, बिनपगारी, डिप्लोमाचा उपयोग पाचपैकी चार.

"चार का? एक का कापलास?" मी विचारलं.

"थर्मोडायनॅमिक्सचा," ती म्हणाली. आणि आठ वर्षांनी आम्ही दोघी त्या डब्यात हसायचो तशा हसलो.

घरी येऊन मी फॉर्म मोडून परत बांधला. 'सध्या काय करता' हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी आधी 'गेल्या सात दिवसांत काय काम केलंत', मग 'त्याचा मोबदला कोण देतं', त्यात चार पर्याय: कंपनी, कंत्राटदार, मी स्वतः, कुणीच नाही. काम नसेल तर वेगळी वाट: शोधताय, भरतीच्या किंवा एमपीएससीच्या तयारीत आहात, की घरची जबाबदारी. तयारीवाल्यांना मुद्दाम वेगळं ठेवलं, कारण ते स्वतःला बेकार म्हणत नाहीत आणि कुठल्याही कॉलेजात त्यांचं नाव नसतं. पहिल्या फॉर्ममध्ये ते कुठेच बसत नव्हते. पगाराला आकडा नाही, टप्पे. लाल चांदणी फक्त एका प्रश्नाला, एनरोलमेंट नंबरला. ज्यांना फॉर्म भरायचा नव्हता त्यांना फोनवर विचारून मी भरला आणि पहिल्या तेवीस जणांनाही परत विचारलं.

शेवटी अठ्ठावन्नपैकी एकोणपन्नास सापडले. बत्तीस नोकरीत, सात स्वतःच्या किंवा घरच्या धंद्यात, तिघं शिकणारे. सात जण यांपैकी कशातच नाहीत: तिघं नोकरी शोधणारे, दोघं भरतीच्या तयारीत, दोघं घरची जबाबदारी घेतलेले. नऊ जणांचा पत्ताच लागला नाही. सूत्र तेच लावलं. बेचाळीस भागिले अठ्ठावन्न म्हणजे बहात्तर टक्के. न सापडलेले नऊही कामाला आहेत असं धरलं तर अठ्ठ्याऐंशी. म्हणजे खरं उत्तर बहात्तर ते अठ्ठ्याऐंशीच्या मध्ये. पहिल्या फेरीतल्या चाळीस ते शंभरच्या मानाने हे उत्तर म्हणण्यासारखं होतं. आणि बत्तीस नोकरीवाल्यांपैकी तेरा जणांचा पगार कंत्राटदार देत होता, हे शंभर टक्क्यांच्या पोटात कुठेच नव्हतं.

मी सरांना घेऊन बसले. सर बराच वेळ शीट वर-खाली करत राहिले.

"शंभरवरून बहात्तर," ते म्हणाले. "वर काय सांगू?"

मला उत्तर देता आलं नाही. मी पुण्यात राहते, फाइल सरांना द्यायची होती. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच कंत्राटदारांच्या तेरा ओळी एकाखाली एक लावल्या आणि बोट ठेवून एकेक नाव वाचलं. नऊ जण मेंटेनन्सला होते. "या पोरांना स्लिप कशी वाचायची, पीएफ नंबर कसा बघायचा, एवढं तरी शेवटच्या वर्षी शिकवायला हवं होतं," असं स्वतःशीच म्हणाले. मग मला म्हणाले, की नऊ जण 'माहिती नाही' अशी वेगळी ओळ ठेव, पुसू नकोस. आणि खाली अठ्ठावन्नच लिही.

निघताना त्यांनी विचारलं, "तुझ्या चौकटी भरल्यास का?"

भरल्या नव्हत्या. म्हणजे पहिल्या फॉर्ममध्ये भरलं होतं: नोकरीत, सॉफ्टवेअर इंजिनिअर, कंपनीचं नाव. त्या रात्री बत्तीस चौकटी भरायला बसले. बारा चौकटी डिग्री. नंतर मार्च २०२०पासून नोकरी. मधल्या तीन चौकटींपाशी हात थांबला. कॅम्पसमध्ये निवड झाली होती, ऑफर लेटर होतं, पेढे वाटून झाले होते आणि कंपनी जॉइनिंगची तारख पुढे ढकलत होती. जुलैपासून मी रोह्यात घरी बसून होते. कुणी विचारलं, की 'लागलीय नोकरी' असं सांगायचे. रोज मेल उघडायचे. स्टेशनकडे जायचं टाळायचे, ओळखीचं कुणी भेटेल म्हणून. ती तेव्हा धाटावला कामाला जात होती, माझ्या घरापासून रिक्षाने जेमतेम पंधरा मिनिटांवर. तिला फोन न करण्याचं खरं कारण त्या तीन चौकटींत होतं.

कॉलेजच्या कुठल्यातरी यादीत मी त्या महिन्यांतही 'प्लेस्ड' असणार. मी तिन्ही चौकटींत 'शोधत होते' असं लिहिलं, मग ते खोडून 'वाट बघत होते' असं लिहिलं. तसा पर्याय फॉर्ममध्ये नव्हता. तो घातला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कळवलं, की एक नवीन पर्याय आलाय, कुणाला आपलं उत्तर बदलायचं असेल तर बदला.

चार जणांनी बदललं.